ईमेलमध्ये रिप्लाय कधी, नवा मेल कधी आणि खालचं शेपूट किती कापायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

देवगड, मालवण, गुहागर इकडच्या काही आंबा बागायतदारांचा आणि होमस्टेवाल्यांचा पत्रव्यवहार मी सांभाळतो. मार्च उजाडला, चौकश्या सुरू झाल्या की त्यांच्याकडून आणि त्यांच्या गिऱ्हाइकांकडूनही हेच प्रश्न फिरून फिरून येतात. बहुतेकांकडे जीमेल आहे, म्हणून उत्तरं त्याला धरून दिली आहेत. आउटलुक किंवा थंडरबर्डमध्ये वेगळं होत असेल तिथे तसं सांगितलं आहे. खालचं शेपूट म्हणजे रिप्लाय दाबला की उत्तराखाली आपोआप येणारा जुना मजकूर.

१. थ्रेड म्हणजे नेमकं काय? विषय सारखा असला की मेल एकत्र येतात, एवढंच ना?

नाही. थ्रेड म्हणजे एकमेकांना उत्तर म्हणून जोडलेल्या मेलची साखळी. प्रत्येक मेलला पाठवतानाच एक स्वतंत्र ओळखक्रमांक मिळतो. तुम्ही रिप्लाय दाबलात की तुमच्या मेलमध्ये आधीच्या मेलचा क्रमांक आपोआप लिहिला जातो. तो तुम्हाला दिसत नाही, पण मेलबरोबर जातो:

```
Message-ID: <b2@example.com>
In-Reply-To: <a1@example.com>
References: <a1@example.com>
```

दुसरी ओळ सांगते की हे `a1` चं उत्तर आहे. `References` मध्ये आधीची सगळी साखळी असते. मेल कुठल्या थ्रेडला जोडायचा हे प्रोग्रॅम मुख्यतः यावरून ठरवतो, विषयाची ओळही काही ठिकाणी बघितली जाते. स्वतः बघायचं असेल तर संगणकावर जीमेलमध्ये मेल उघडा, उजवीकडच्या तीन ठिपक्यांतून `Show original` निवडा. एकदा बघून ठेवाच, म्हणजे पुढची उत्तरं पटतील.

२. मग रिप्लाय कधी करायचा आणि नवा मेल कधी?

एक काम, एक थ्रेड. भावाची चौकशी, ऑर्डर पक्की होणं, पैसे, गाडीत माल चढल्याची खबर आणि पेटीत चार आंबे डागी निघाले ही तक्रार, हे सगळं एकाच ऑर्डरचं आहे. म्हणून ते एकाच थ्रेडमध्ये रिप्लाय करत चालवायचं. ऑर्डर मिटली, पैसे मिळाले, की तो थ्रेड संपला. पुढच्या वर्षीची ऑर्डर हे नवं काम, त्याला नवा मेल.

शंका आली तर लिहिलेला मजकूर वाचा आणि वर विषयाची ओळ बघा. ती ओळ या मजकुराला लागू पडते का? 'मे महिन्यातील खोलीचं आरक्षण' या विषयाखाली तुम्ही कोकमाच्या बाटल्यांचं बिल पाठवत असाल तर उत्तर तुमच्यासमोरच आहे. दुसरी खूण माणसांची. आधीच्या मेलमध्ये जे होते त्यांतल्या निम्म्या लोकांचा या गोष्टीशी संबंध नसेल तर नवा मेल लिहा.

३. मला गिऱ्हाइकाचा पत्ता पाठ नाही. जुना मेल उघडून रिप्लाय दाबणं सोपं पडतं. त्यात काय बिघडतं?

तुम्हाला फक्त पत्ता हवा होता, पण पत्त्याबरोबर अदृश्य क्रमांक, जुना विषय, सीसीतले सगळे आणि खालचा सगळा मजकूर आला. समोरच्याकडे तुमचा मेल गेल्या वर्षीच्या साखळीला जाऊन चिकटतो. त्याने ती साखळी म्यूट केली असेल तर त्याला तो आलेला कदाचित कळणारही नाही.

जीमेलमध्ये `Compose` दाबून `To` मध्ये नावाची दोन-तीन अक्षरं लिहिली की ज्यांना तुम्ही पूर्वी मेल केला आहे त्यांचे पत्ते खाली येतात. तिथे येत नसेल तर जुन्या मेलमधला पत्ता कॉपी करून नव्या मेलमध्ये टाका.

४. एका ऑर्डरचा तरी हिशेब मांडून दाखवा. जुन्या थ्रेडमध्ये लिहिल्याने खरंच नुकसान होतं?

होतं, आणि ते बहुतेकदा पैशाच्या ओळीत होतं. एक नमुना घेऊ, आकडे समजण्यापुरते आहेत.

देवगडचे एक काका पुण्यातल्या एका सोसायटीला दरवर्षी २० पेट्या हापूस पाठवतात. गेल्या वर्षीचा भाव पेटीला ३,००० रुपये. यंदा मार्चमध्ये सोसायटीच्या सेक्रेटरींनी गेल्या वर्षीचा मेल काढला आणि त्यालाच रिप्लाय केला: 'यंदाही २० पेट्या.' विषय तोच राहिला, गेल्या वर्षीचा. काकांनी बागेतूनच फोनवर उत्तर दिलं: 'चालेल. यंदा ३,४००.' सेक्रेटरींनी तो मेल खजिनदारांकडे फॉरवर्ड केला आणि वर लिहिलं, 'खाली तपशील आहे, पैसे पाठवा.'

खजिनदारांसमोर आता एकाच मेलमध्ये दोन भाव होते. वरचा एका तुटक ओळीत, खालचा व्यवस्थित मांडलेला: नग, दर, एकूण रक्कम, खातेक्रमांक. माणूस व्यवस्थित मांडलेल्यावरच विश्वास ठेवतो. त्यांनी ६०,००० भरले, बिल ६८,००० चं होतं. ८,००० रुपयांसाठी ऐन हंगामात आठवडाभर फोन चालले आणि काका प्रत्येक फोनवर एकच विचारत होते, 'ह्यो भाव खयच्या सालचो?'

इथे संपलं असतं तर ठीक. एप्रिलमध्ये त्याच थ्रेडमध्ये सेक्रेटरींनी विचारलं, 'मेमध्ये चौघांसाठी तारकर्लीला खोली मिळेल का?' काकांच्या वहिनींचा तिथे होमस्टे आहे, म्हणून काकांनी मेल जसाच्या तसा त्यांना फॉरवर्ड केला, सीसीत सेक्रेटरी आणि खजिनदारांना ठेवून. सोसायटीला किती सवलत दिली, कोणाचे पैसे उशिरा आले, हे सगळं वहिनींकडे पोचलं. वहिनींनी 'रिप्लाय ऑल' केल्यावर खोलीचा भावही सोसायटीच्या खजिनदारांकडे गेला.

हे सगळं वेगवेगळ्या मेलमध्ये असायला हवं होतं. मार्चमध्ये सेक्रेटरींकडून नवा मेल, विषय 'हापूस २० पेट्या, यंदाचा हंगाम, पुणे'. त्यात काकांचं उत्तर, नग, दर आणि रक्कम नव्याने लिहून. खजिनदारांना फक्त तेवढं उत्तर फॉरवर्ड. खोलीसाठी सेक्रेटरींचा वहिनींना थेट नवा मेल, आणि काकांकडून पत्ता देण्यापुरती एक ओळ.

५. रिप्लाय करून नुसता विषय बदलला तर चालेल का?

अर्धवट चालतं. जीमेलमध्ये विषय बदलला की मेल नव्या थ्रेडमध्ये जातो. पण प्रश्न १ मधले क्रमांक तसेच राहतात. त्यामुळे थंडरबर्डसारखा क्रमांक बघणारा प्रोग्रॅम वापरणाऱ्याकडे नवा विषय घेऊन तो मेल जुन्याच साखळीखाली लटकलेला दिसतो. तुमच्याकडे वेगळा, त्याच्याकडे एकत्र, आणि फोनवर दोघं 'तो मेल बघा' म्हणत वेगवेगळं बघत राहता. खालचा मजकूरही तुम्ही काढल्याशिवाय जात नाही.

विषय बदलून रिप्लाय करणं मला फक्त एकाच प्रसंगी योग्य वाटतं: बोलणं जुन्यातूनच निघालं आहे आणि समोरच्याला तो दुवा लागणार आहे. पेट्या पोचल्याच्या थ्रेडमधून ट्रान्सपोर्टवाल्याच्या नुकसानभरपाईचं प्रकरण निघालं, तर विषय असा करा: 'डागी मालाची भरपाई (आधीचा विषय: हापूस २० पेट्या)'. जीमेलमध्ये संगणकावर उत्तराच्या चौकटीत डाव्या कोपऱ्यातल्या बाणावर टिचकी मारून `Edit subject` निवडायचं.

६. गिऱ्हाइकाने एकाच मेलमध्ये आंबे आणि खोली दोन्ही विचारलं. उत्तर कुठे देऊ?

ज्या गोष्टीवरून मेल सुरू झाला तिचं उत्तर तिथेच द्या. शेवटी एक ओळ लिहा: 'खोलीबद्दल वेगळा मेल पाठवत आहे.' मग नवा मेल उघडून त्यात खोलीचा प्रश्न त्याच्याच शब्दांत दोन ओळींत घ्या आणि खाली उत्तर लिहा. ती ओळ विसरू नका, नाहीतर समोरच्याला वाटतं की अर्ध्या प्रश्नाला तुम्ही पानं पुसली.

७. जीमेल जुना मजकूर लपवतंच. मग तो कापायचा कशाला?

लपवतं तुमच्या डोळ्यांपासून, पाठवतं मात्र पूर्ण. उत्तराच्या चौकटीत खाली जे तीन ठिपके दिसतात (`Show trimmed content`) त्यांच्यामागे अख्खी साखळी बसलेली असते. घरात केर गालिच्याखाली सारला तरी तो घरातच असतो, तसंच हे. दुसरा माणूस आउटलुकमध्ये तोच मेल उघडतो तेव्हा त्याला सगळं उलगडलेलं दिसतं, प्रत्येक सहीतल्या लोगोसकट.

तोटा मुख्यतः तीन वेळा जाणवतो. मेल तिसऱ्याकडे फॉरवर्ड होतो तेव्हा (प्रश्न ४), मेलबॉक्समध्ये शोधताना, कारण 'खातेक्रमांक' शोधलं की एकच ओळ पंधरा मेलमध्ये सापडते, आणि मेल छापताना. ग्रामपंचायतीत किंवा बँकेत दाखवायला एक पान हवं असतं आणि प्रिंटरमधून नऊ बाहेर पडतात.

८. बरं, मग किती ठेवायचं आणि कापायचं कसं?

ज्या वाक्याला उत्तर देत आहात तेवढं ठेवा. फक्त तुमचा मेल वाचून, खाली न जाता, समोरच्याला सगळं कळलं पाहिजे.

संगणकावर रिप्लाय दाबल्यावर ते तीन ठिपके उघडा, सगळा जुना मजकूर दिसेल. आता मधूनमधून ओळी खोडत बसण्यापेक्षा हवी ती दोन-तीन वाक्यं कॉपी करून वर घ्या, तिथे उत्तर लिहा आणि खालचं सगळं निवडून डिलीट करा. प्रत्येक उताऱ्याआधी `>` ही खूण घालण्याची जुनी पद्धत आहे, ती अजूनही सगळ्यांना कळते. असा मेल तयार होतो:

```
नमस्कार,

> पेट्या ५ मेच्या आत मिळतील का?
हो. ३ तारखेला गाडी निघेल, ४ ला पुण्यात.

> ५ डझनी आणि ४ डझनी दोन्ही आहेत का?
यंदा ५ डझनीच. भाव पेटीला ३,४००.
```

दोन-तीन प्रश्नांचा मेल आला की ही पद्धत सगळ्यांत उपयोगी, कारण कुठलं उत्तर कशाला हे शोधावं लागत नाही. प्रश्न एकच असेल तर उतारा न घेताही भागतं: 'खोली १२ ते १४ मे रिकामी आहे' या वाक्यात प्रश्न आलेलाच आहे. नुसतं 'हो, चालेल' मात्र कधी पाठवू नका. चार दिवसांनी काय चालेल ते कोणालाच आठवत नाही, आणि मग खालचं शेपूट ठेवावं लागतं.

थंडरबर्ड वापरत असाल तर काम आणखी सोपं: हवी ती ओळ आधी माउसने निवडा आणि मग रिप्लाय दाबा, तेवढीच उताऱ्यात येते. जुन्या पद्धतीच्या आउटलुकमध्ये `File`, `Options`, `Mail` मध्ये जाऊन रिप्लायमध्ये मूळ मजकूर घ्यायचाच नाही असं कायमचं ठरवता येतं. फोनवर निवडून कापणं जिकिरीचं असतं, तिथे मी खालचं सगळं काढून उत्तर पूर्ण वाक्यात लिहितो.

९. दुसऱ्याच्या लिहिण्याला कात्री लावणं बरं दिसतं का?

लांबलचक उतारा तसाच परत पाठवला तर कुणाचा मान वाढत नाही, त्यामुळे कापण्यात अपमान नाही. पण उरलेल्या वाक्याचा अर्थ बदलता कामा नये. वहिनींनी लिहिलं होतं, 'किल्ल्यावर जायला होडी मिळेल, पण समुद्र खवळला तर बंदराकडून होड्या बंद होतात.' यातलं 'किल्ल्यावर जायला होडी मिळेल' एवढंच उचलून पाहुण्यांना पाठवलं तर ते वहिनींचं आश्वासन ठरतं. जूनमध्ये मालवणच्या जेटीवर येऊन पाहुणे सिंधुदुर्ग किल्ला लांबूनच बघतात आणि भांडण वहिनींशी होतं.

मधलं गाळलं असेल तर तिथे […] टाका. 'पण', 'जर', 'नाही' असलेलं अर्धं वाक्य कधी कापू नका. उताऱ्यातलं शुद्धलेखनही सुधारू नका. आणि उतारा कोणाचा हे तुमच्या मेलमध्ये दोनपेक्षा जास्त माणसं असतील तर नावानिशी लिहा.

१०. मधेच नवीन माणसाला सीसीत घेतलं. त्याला तर सगळा इतिहास हवा, मग ठेवू ना?

त्याला इतिहास नको असतो, सद्यस्थिती हवी असते. वर तीन-चार ओळी लिहा: काय ठरलं, काय अडलंय, तुमच्याकडून काय हवंय. खाली फक्त त्याला लागणारा एखादा मेल राहू द्या. पाठवण्याआधी ते तीन ठिपके उघडून शेवटपर्यंत वाचा. भाव, सवलत, कोणाचा फोन नंबर, तिऱ्हाइताबद्दल लिहिलेली एखादी खवचट ओळ, हे सगळं तिथेच सापडतं.

आणखी एक घोळ इथे नेहमी होतो. रिप्लायबरोबर जुनी अटॅचमेंट जात नाही. नव्या माणसाला तुम्ही 'खाली जोडलेलं बिल बघा' म्हणता आणि त्याच्याकडे बिल नसतंच. अटॅचमेंट फॉरवर्डबरोबर जाते. म्हणून बिल किंवा आधारची प्रत दाखवायची असेल तर ती नव्याने जोडा, किंवा ज्या मेलमध्ये ती होती तो एकच मेल फॉरवर्ड करा.

११. रिफंडच्या तक्रारीला उत्तर आलं, विषयात मोठा नंबर आहे. विषय नीट मराठीत करून पाठवू का?

मुळीच नको. विषयातला तो नंबर तुमच्या तक्रारीचा असतो आणि मेल कुठल्या फाइलला जोडायचा हे तिकडची यंत्रणा बऱ्याचदा त्यावरूनच ठरवते. नंबर गेला की तुमची नवी तक्रार उघडते आणि रांगेत पुन्हा शेवटी जाता. इथे विषय अजागळ दिसला तरी तसाच ठेवून रिप्लाय करा. काही मेलमध्ये 'या ओळीच्या वर उत्तर लिहा' अशा अर्थाची ओळ असते. तिच्या खाली लिहिलेलं यंत्रणा टाकून देऊ शकते, म्हणून प्रश्न ८ मधली ओळीखाली ओळ उत्तर देण्याची पद्धत इथे वापरू नका.

दुसऱ्या गाडीचं किंवा दुसऱ्या आरक्षणाचं गाऱ्हाणं असेल तर मात्र नवा मेल. एका नंबरखाली दोन तक्रारी घातल्या की एक मिटली की दोन्ही बंद होतात.

१२. पैशावरून वाद झाला तर? सगळा मजकूर कापला तर पुरावा जाईल.

तुमचा पुरावा मूळ मेलमध्ये असतो, `Sent` आणि `Inbox` मध्ये. खाली आलेला उतारा कोणीही पाठवण्याआधी बदलू शकतो, तुम्ही वर नाही का कापलात? म्हणून त्याला फार किंमत नाही. मूळ मेल मात्र डिलीट करू नका. वाद वाढणार असं दिसलं तर जीमेलमध्ये `Show original` मधून `Download Original` करून ती फाइल जपून ठेवा, तिच्यात तारीख, वेळ आणि ओळखक्रमांक सगळं असतं. प्रकरण कोर्टात जाणार असेल तर वकिलांना विचारा. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे अशा नोंदींबरोबर प्रमाणपत्र द्यावं लागतं, नुसता छापील कागद पुरत नाही.

वाद चालू असताना एक अपवाद मी मान्य करतो. समोरचा म्हणतोय 'मी असं लिहिलंच नव्हतं', तेव्हा त्याचं ते वाक्य तारखेसकट उताऱ्यात घ्या. पण तेवढंच.

१३. दोन आठवडे उत्तर नाही. आठवण करायला नवा मेल करू की त्याच मेलला रिप्लाय?

त्याच मेलला. काम तेच आहे. `Sent` मधला तुमचा मेल उघडून रिप्लाय दाबला की जीमेल तो तुम्हाला न पाठवता मूळ गिऱ्हाइकालाच पाठवतं. इथे खालचा तुमचा जुना मेल ठेवलेला बरा, त्याने तो वाचलाच नसेल.

१४. थ्रेड आपोआप तुटला, आम्ही काहीच केलं नाही. असं का?

जीमेलमध्ये एका थ्रेडमध्ये १०० हून जास्त मेल झाले की पुढचा नव्या थ्रेडमध्ये जातो. गणपतीच्या बुकिंगला पंचवीस पाहुणे 'रिप्लाय ऑल' करायला लागले की हे लवकरच होतं. 'Message clipped' दिसत असेल तर ती वेगळी भानगड: मेल साधारण १०२ केबीपेक्षा मोठा झाला की जीमेल बाकीचं झाकतं. शेपूट कापत राहिलात की ही वेळ येत नाही.

१५. मी नीट करतो, पण गिऱ्हाईकच दरवेळी गेल्या वर्षीच्या मेलला रिप्लाय करतं. त्याला कसं सांगू?

सांगू नका, करून टाका. त्याचा मेल आला की त्याला रिप्लाय न करता नवा मेल लिहा, योग्य विषय द्या आणि पहिल्या दोन ओळी अशा ठेवा: 'आपला १० मार्चचा मेल मिळाला. यंदाच्या ऑर्डरची सगळी माहिती एका जागी राहावी म्हणून हा नवा मेल करत आहे, पुढचं उत्तर कृपया यालाच द्यावं.' त्याखाली नग, दर, रक्कम, पोचण्याची तारीख पुन्हा लिहा. बहुतेक लोक शेवटी आलेल्या मेललाच रिप्लाय करतात, त्यामुळे पुढचं बोलणं आपोआप नव्या थ्रेडमध्ये येतं. तरीही एखादा जुन्यातच लिहीत राहिला तर त्याचं वाक्य उचलून (प्रश्न ८) नव्या थ्रेडमध्ये उत्तर द्या. जुन्या थ्रेडमध्ये तुमच्याकडून पुन्हा काहीच जाऊ देऊ नका, 'ठीक आहे' सुद्धा नाही.